वेशीपलीकडचे औषध

गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता माझी भाची नोकरीसाठी नागोयाला जायला निघाली. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे, त्यांतलीच ती एक. चार वर्षे भाषेच्या परीक्षा दिल्या, मग एका कंपनीचे बोलावणे आले. निघायला पाच आठवडे होते, तरी ताईने औषधांची पिशवी भरूनसुद्धा ठेवली होती. ती पिशवी घेऊन दोघी एका संध्याकाळी माझ्याकडे आल्या. “मामा, एकदा नजर टाक ना. तू आयुष्यभर हेच शिकवलंस,” भाची म्हणाली.

मी तीस वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले, हे खरे. गोळी कशी बनते, पोटात कशी विरघळते, किती वर्षे टिकते हे शिकवले. तीच गोळी विमानातून उतरून दुसऱ्या देशाच्या जकात अधिकाऱ्यासमोर आली की तिचे काय होते, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. पुढचे काही आठवडे मी त्यासाठी जपानचे नियम आणि दोन आंतरराष्ट्रीय करार वाचत बसलो. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

पिशवीत काय होते ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे. थायरॉइडच्या तीन महिन्यांच्या गोळ्या. जागा वाचावी म्हणून ताईने त्यांच्या पट्ट्यांच्या कडा कात्रीने कापल्या होत्या. खोकल्याच्या औषधाची १०० मिलिलिटरची बाटली. सर्दीच्या दोन प्रकारच्या गोळ्या, एक इथल्या दुकानातली आणि दुसरी न्यू जर्सीच्या चुलतभावाने मागच्या खेपेला आणलेली. नाकाशी धरून हुंगायची एक छोटी नळी, तीही त्यानेच आणलेली. मी म्हटले, “यातल्या एखाद्या वस्तूसाठी तिथे अटकही होऊ शकते.” ताई हसली. “अटक? सर्दीच्या गोळीसाठी? डॉक्टरांची चिठ्ठी आहे की!”

तिचा हा प्रश्न भोळा नाही. आपण सगळे तसेच समजतो. औषध म्हणजे औषध; जे पुण्यात औषध आहे ते नागोयात विष कसे होईल? चिठ्ठी खरी, दुकान परवान्याचे, आजार खरा, मग गुन्हा कुठे आला?

गडबड इथे होते की ‘औषध असणे’ हा गोळीचा अंगचा गुण आहे असे आपण धरून चालतो. गोळीत असते ते रसायन. ते औषध ठरते एका साखळीमुळे. एका देशाने उत्पादकाला परवाना दिलेला असतो, घाऊक विक्रेत्याला दिलेला असतो, केमिस्टला दिलेला असतो, आणि डॉक्टरची नोंदणी त्याच देशातल्या वैद्यक परिषदेकडे असते. डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे या साखळीतल्या एका नोंदणीकृत माणसाने दुसऱ्या नोंदणीकृत माणसाला दिलेली सूचना असते: या रुग्णाला हे इतके द्या. साखळीबाहेर ती सूचना कुणावरच बंधनकारक नसते. पुण्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी दाखवून नागोयाच्या दुकानात औषध मिळत नाही. तसेच ती दाखवून विमानतळावर औषध आत नेण्याचा हक्कही मिळत नाही. चिठ्ठीचा उपयोग पुराव्यापुरता असतो. ‘मी खरोखर आजारी आहे, हे मी विकायला आणलेले नाही’ एवढे ती सांगते. परवानगी देण्याची ताकद तिच्यात नसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. घरी आपण गोळी जवळ बाळगतो तेव्हा कायद्याच्या नजरेत आपण रुग्ण असतो. तीच गोळी खिशात घालून सीमा ओलांडली की आपण आयातदार होतो. बोटीतून हजार खोकी उतरवणारा व्यापारी आणि पर्समध्ये दहा गोळ्या असलेली मुलगी, या दोघांनी केलेली कृती एकच असते: परदेशातली वस्तू देशात आणली. जपानच्या उत्तेजक द्रव्य नियंत्रण कायद्यात हा फरक शिक्षेतच दिसतो. असे द्रव्य नुसते जवळ बाळगले तर कमाल १० वर्षे कैद आहे. आयातीला मात्र कमीत कमी १ वर्षाची कैद लिहिली आहे, मग ती नफ्यासाठी नसली तरी. म्हणजे आणणे हा बाळगण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे, आणि प्रवासी नेमका तोच करतो.

आता कुणी म्हणेल की जगभर एकच नियम करायला काय हरकत आहे? प्रयत्न झाले आहेत. अफू, मॉर्फिन, कोडीन, कोकेन यांच्यासाठी १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि झोपेच्या, चिंतेच्या व उत्तेजक औषधांसाठी १९७१ चा. भारताचा १९८५ चा एनडीपीएस कायदा याच करारांच्या पायावर उभा आहे. १९६१ च्या करारातली हिशेबाची पद्धत मला नेहमी थक्क करते. प्रत्येक देश पुढच्या वर्षी आपल्याला किती मॉर्फिन, किती कोडीन लागेल याचा अंदाज व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाला कळवतो. माल एका देशातून दुसऱ्यात जाताना घेणाऱ्या देशाचा आयात परवाना आणि देणाऱ्या देशाचा निर्यात परवाना, दोन्ही लागतात. वर्षअखेर हिशेब जुळवायचा असतो. या वहीखात्यात प्रवाशाच्या पिशवीतली गोळी कुठेच बसत नाही. ती एका देशाच्या खात्यातून खर्ची पडलेली असते आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा न होता आत शिरते. १९७१ च्या करारात चौथ्या कलमाने प्रवाशाला थोडी सवलत आहे: स्वतःपुरते थोडे औषध नेऊ द्यावे, मात्र ते रीतसर मिळवलेले आहे याची खातरजमा करण्याचा हक्क देशाला राहील. पण दोन्ही करारांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे की कुठल्याही देशाला यापेक्षा कडक वागायचे असेल तर तो वागू शकतो. करारांनी किमान कडकपणा ठरवून दिला. त्यावर किती चढायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. आणि कोण कुठे चढेल, हे त्या देशाच्या जुन्या जखमांवर अवलंबून असते. जपानकडे वळतो ते त्यासाठीच.

आधी पिशवीतली बाटली. ताईला सगळ्यात जास्त धास्ती हिचीच होती, कारण कोडीन अफूपासून येते हे तिने वर्तमानपत्रात वाचले होते. लेबलवर ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम कोडीन असे लिहिले होते. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम, टक्केवारीत ०.२. जपानमध्ये कोडीन १ टक्क्याहून जास्त असेल तरच ते अमली पदार्थ मानतात. तेव्हा ही बाटली सामान्य औषधांच्या रांगेत गेली. हीच बाटली घेऊन भाची संयुक्त अरब अमिरातीला निघाली असती तर तिथल्या आरोग्य मंत्रालयाकडे आधी अर्ज करून ठेवणे भाग होते, कारण तिथे कोडीन नियंत्रित औषधांत मोडते. ज्या बाटलीने ताईची झोप उडवली होती ती निर्धोक निघाली.

मग सर्दीच्या गोळ्या घेतल्या. दोन्हींत एक घटक समान होता, स्यूडोएफेड्रिन. बंद नाक मोकळे करणारे हे द्रव्य. दोन्हींत ते ३० मिलिग्रॅमच होते. इथल्या गोळीत त्याच्या जोडीला ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. चुलतभावाच्या गोळीत दुसरे काहीच नव्हते. जपानचा नियम असा की ज्या औषधात स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त आहे ते ‘उत्तेजक द्रव्याचा कच्चा माल’ ठरते. पण टक्के कशाचे? गोळीच्या एकूण वजनाचे. आणि पट्टीवर घटक किती ते छापलेले असते, गोळीचे वजन कधीच नसते. मी जुन्या महाविद्यालयात गेलो आणि प्रयोगशाळेतल्या तराजूवर दोन्ही ठेवल्या. इथली गोळी ६५० मिलिग्रॅम भरली. ३० भागिले ६५०, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या थोडे वर. चुलतभावाची चिमुकली गोळी १३० मिलिग्रॅम भरली. ३० भागिले १३०, म्हणजे २३ टक्के. शरीरात जाणारे द्रव्य दोन्हींतून तेवढेच, नाक मोकळे होणार तेवढेच. एक गोळी सर्दीचे औषध राहिली, दुसरी गुन्ह्याचा मुद्देमाल झाली.

वर्गात मी हे सांगितले असते तर पोरे म्हणाली असती, “सर, हा काय मूर्खपणा!” रुग्णाच्या बाजूने पाहिले तर मूर्खपणाच आहे. पण हा नियम रुग्णाच्या बाजूने लिहिलेला नाही. तो चोरून भट्टी लावणाऱ्याच्या बाजूने लिहिला आहे. स्यूडोएफेड्रिन आणि मेथॲम्फेटामिन यांच्या रेणूंत फरक आहे फक्त एका ऑक्सिजनचा. भट्टीवाल्याला एकूण मिलिग्रॅमशी कर्तव्य नसते. द्रव्य इतर भुकटीतून वेगळे काढणे किती सोपे आहे, एवढेच त्याला पाहायचे असते. पॅरासिटामॉलमध्ये मिसळलेले द्रव्य वेगळे काढायला त्रास पडतो. म्हणून कायदा दाटपणा मोजतो, डोस मोजत नाही.

आणि मेथॲम्फेटामिनची जपानला इतकी धास्ती का, याचे उत्तर त्याच्याच इतिहासात आहे. इफेड्रा नावाची एक झुडूपवजा वनस्पती आहे. आपल्याकडे वैद्य तिच्या एका जातीला सोमलता म्हणतात, आणि वेदांतला सोम तो हाच की काय यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. चिनी वैद्यकात ती माहुआंग म्हणून दम्यावर देत. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये तिच्यातून एफेड्रिन वेगळे केले, आणि १८९३ मध्ये त्या एफेड्रिनपासून मेथॲम्फेटामिन बनवले. १९१९ मध्ये ओगाता आकिरा यांनी त्याचे स्फटिक तयार केले. जगाला छळणारे हे द्रव्य जपानच्या प्रयोगशाळेत जन्मले, तेही भल्या हेतूने.

१९४१ मध्ये ते ‘फिलोपोन’ या नावाने औषध म्हणून बाजारात आले. थकवा घालवणारी, झोप उडवणारी गोळी. महायुद्धात सैनिकांना आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या रात्रपाळीच्या कामगारांना ती मिळत होती. १९४५ मध्ये जपान शरण आला तेव्हा लष्कराच्या कोठारांतला साठा बाहेर फुटला. शहरे जळालेली, पोटात अन्न नाही, काम मिळेल तिथे रात्रंदिवस करायचे, आणि हाताशी ही स्वस्त गोळी आणि तिचे इंजेक्शन. व्यसनाची अशी लाट उसळली की १९५१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तो कायदा झाल्यावरही १९५४ या एका वर्षात ५० हजारांहून अधिक माणसे त्याखाली पकडली गेली. आज विमानतळावर सर्दीच्या गोळीकडे रोखून पाहणारा अधिकारी त्याच कायद्याचा माणूस आहे. त्याच्या आजोबांच्या पिढीने हे द्रव्य औषधाच्या दुकानातून घरात आलेले पाहिले आहे. ‘हे तर औषध आहे’ हा युक्तिवाद जपानने आपल्याआधी ऐकलेला आहे.

ॲम्फेटामिनबद्दल म्हणूनच तिथे काही ऐकून घेत नाहीत. अमेरिकेत चित्त एका जागी न राहण्याच्या विकारावर, म्हणजे एडीएचडीवर, ॲम्फेटामिनच्या गोळ्या लाखो मुले आणि मोठी माणसे रीतसर घेतात. आपल्या ओळखीच्या घरांतली नातवंडेही त्यात असतील. या गोळ्या जपानमध्ये नेता येत नाहीत, डॉक्टरचे पत्र असो वा नसो. त्यांना परवानगीची सोयच नाही. पण लिसडेक्सॲम्फेटामिन नावाचे एक भावंड आहे. ते गिळल्यावर शरीर स्वतःच त्याचे ॲम्फेटामिन करते. ते जपानने २०१९ मध्ये मुलांच्या याच विकारासाठी मान्य केले आणि ‘कच्च्या माला’च्या वर्गात ठेवले. २०२० पासून या वर्गातली औषधे रुग्णाला आधी परवानगी काढून स्वतःबरोबर आणता येतात. शेवटी शरीरात पोचते ते एकच. कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही. गोळीत काय आहे तेवढेच तो पाहतो.

हुंगायच्या नळीवर मात्र मीच फसलो असतो. विक्सची नळी! आमच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. मेंथॉल, कापूर, एवढेच. मी ती बाजूला ठेवूनही दिली होती. भाचीने पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा कळले की अमेरिकेहून आलेल्या या नळीत लेव्हमेटॲम्फेटामिन आहे. हे मेथॲम्फेटामिनचे आरशातले प्रतिबिंब. नाक मोकळे करते, नशा जवळजवळ करत नाही, पण नावाने आणि रेणूने त्याच घराण्यातले. जपानला निघालेल्या अमेरिकनांना ती नेऊ नका म्हणून बजावले जाते. नाव एकच आणि आतला माल देशागणिक वेगळा, या गोष्टीने २००२ मध्ये एका खेळाडूचे ऑलिंपिक पदक गेले. ब्रिटनचा स्कीपटू ॲलन बॅक्स्टर घरी जी नळी वापरत असे तीच समजून त्याने सॉल्ट लेक सिटीत अमेरिकन नळी घेतली. उत्तेजक चाचणीत ते द्रव्य सापडले आणि कांस्यपदक परत द्यावे लागले. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना नव्हे, तर नातेवाइकांना सांगतो की औषधाचे ठसठशीत नाव वाचू नका, खालचे बारीक वाचा. यादी तपासायची ती त्या बारीक नावाने.

चुलतभावाने फोनवर आणखी एक तोडगा सुचवला. “काकू, तिला काही लागलं तर मी इथून पोस्टानं पाठवीन.” यावर मी त्याला ज्युली हॅम्प यांची हकिगत सांगितली. टोयोटा कंपनीच्या त्या पहिल्या महिला वरिष्ठ अधिकारी, मूळच्या अमेरिकन. जून २०१५ मध्ये त्यांना टोकियोत अटक झाली. अमेरिकेहून त्यांच्या नावे आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोनच्या ५७ गोळ्या सापडल्या. पार्सलवर दागिने असल्याचे लिहिले होते. ऑक्सिकोडोन हे तीव्र वेदनांवरचे औषध. अमेरिकेत ते चिठ्ठीवर मिळते, आणि जपानमधले डॉक्टरही ते देतात. म्हणजे ते द्रव्य दोन्ही देशांत औषधच आहे! तरीही गुन्हा झाला, कारण अमली पदार्थांच्या वर्गातले औषध जपानमध्ये टपालाने मागवता येत नाही. रुग्णाने आधी लेखी परवानगी काढायची आणि स्वतः बरोबर आणायचे. दुसऱ्यासाठीही आणता येत नाही. आईने मुलीसाठी, नवऱ्याने बायकोसाठी, काही चालत नाही. हॅम्प यांनी पदाचा राजीनामा दिला. सुमारे तीन आठवडे कोठडीत काढल्यावर ८ जुलैला त्यांना आरोप न ठेवता सोडण्यात आले.

हे तीन आठवडे कुठून येतात, तेही पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये अटकेनंतर पोलिसांकडे ४८ तास, सरकारी वकिलाकडे २४ तास, मग न्यायाधीशाच्या हुकुमाने १० दिवस आणि पुन्हा १० दिवस, असे २३ दिवस आरोपपत्राशिवाय ठेवता येते. म्हणजे शेवटी निर्दोष सुटला तरी माणूस महिनाभर गेलाच. नोकरीच्या पहिल्या महिन्यात परदेशी मुलगी २३ दिवस कामावर गेली नाही, तर त्या नोकरीचे आणि व्हिसाचे काय होईल? मी हे म्हटल्यावर ताईचे हसणे थांबले.

जपानच तेवढा विचित्र, असे मात्र वाटून घेऊ नये. ट्रामाडॉल हे वेदनाशामक घ्या. ते कुठल्याच आंतरराष्ट्रीय करारात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ते अनेकदा तपासले, पण यादीत घालायची शिफारस केली नाही. गरीब देशांत मॉर्फिन मिळत नाही, तिथे कर्करोगाच्या आणि शस्त्रक्रियेच्या वेदनेवर बऱ्याचदा हाच आधार असतो. तो हिशेबाच्या जाळ्यात अडकला तर रुग्ण तळमळतील, अशी ती भीती. पण इजिप्तमध्ये ट्रामाडॉलचे व्यसन इतके पसरले की त्या देशाने त्याला कडक अमली पदार्थांत टाकले. ऑक्टोबर २०१७ मध्ये हुरघाडा विमानतळावर एका ब्रिटिश बाईंच्या सामानात त्याच्या सुमारे २९० गोळ्या सापडल्या. तिथल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आणल्या, असे त्या म्हणाल्या. डिसेंबरात त्यांना ३ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे ही गोळी एप्रिल २०१८ पर्यंत साधे चिठ्ठीवरचे औषध होती. त्या महिन्यात ती एनडीपीएसखाली आली. आणि उत्तेजक द्रव्यांना इतका थरथरणारा जपान? तिथे ट्रामाडॉल अमली पदार्थ नाहीच. प्रत्येक देश आपापल्या भुताला घाबरतो.

मधेच ताईने विचारले, “मग अनारसे तरी द्यायचे की नाही? खसखस आहे त्यांना.” प्रश्न चुकीच्या देशाबद्दल होता, पण अस्थानी नव्हता. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचेच बी. १९६१ च्या करारात आणि आपल्या कायद्यात बियांना मुद्दाम वगळले आहे. जपानी लोक अनपान नावाच्या पावावर खसखस भुरभुरतात. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती बंद आहे, त्यामुळे दुबईला फराळ पाठवणाऱ्यांनी अनारसे मुकाट्याने घरीच संपवावेत.

उरलेल्या थायरॉइडच्या गोळ्यांत निषिद्ध असे काही नव्हते. तिथे अडचण प्रमाणाची होती. जपानमध्ये चिठ्ठीवरचे साधे औषध १ महिन्यापुरते आणि दुकानात सहज मिळणारे २ महिन्यांपुरते, एवढे काही न विचारता नेता येते. त्याहून जास्त असेल तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा आयात तपासणीचा दाखला आधी काढायचा. २०२० पर्यंत याला ‘याक्कान शोमेई’ म्हणत. अनेक प्रवासी अजून जुनेच नाव घेतात. हा दाखला नसेल तर जादा गोळ्या अडकवतात, एवढेच. आणि अमली वर्गातले औषध असेल तर तिथल्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे निघण्याच्या किमान १४ दिवस आधी अर्ज लागतो, सोबत डॉक्टरचे प्रमाणपत्र: आजार, रोजचा डोस, एकूण किती. येताना आणायची आयात परवानगी आणि परततानाची निर्यात परवानगी वेगवेगळी. लोक पहिली घेतात आणि दुसरी विसरतात.

युरोपातल्या शेंगेन देशांनी आपसांत यातून वाट काढली आहे. तिथल्या रहिवाशाला डॉक्टरच्या सहीचे आणि सरकारी शिक्क्याचे एक प्रमाणपत्र मिळते, आणि नियंत्रित औषध ३० दिवसांपुरते घेऊन तो त्या देशांत फिरू शकतो. एका देशाच्या डॉक्टरवर दुसऱ्या देशाने विश्वास ठेवायचा, एवढाच तो करार. भारत आणि जपान यांच्यात तसे काही नाही, त्यामुळे आमच्या भाचीला घरी बसून फॉर्म भरावा लागला.

आम्ही असे केले. तिच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घेतले, त्यात औषधाचे मूळ नाव, आजार, रोजची मात्रा आणि पासपोर्टवर आहे तसेच तिचे नाव. पहिल्या पत्रात डॉक्टरांनी फक्त कंपनीने ठेवलेले नाव लिहिले होते. ते परत नेऊन बदलून आणले. कापलेल्या पट्ट्या मी बाजूला काढल्या, कारण कडेबरोबर नाव आणि मुदतीची तारीखही गेली होती आणि उरल्या होत्या त्या ओळख नसलेल्या पांढऱ्या गोळ्या. नव्या पट्ट्या आणल्या, दुकानाच्या बिलासह. तीन महिन्यांसाठी दाखल्याचा अर्ज केला. एकदा तो त्रुटी दाखवून परत आला, कारण ९० गोळ्या म्हणजे किती दिवस हे पत्रात लिहिलेले नव्हते. दुसऱ्यांदा मंजूर झाला. दाखल्याच्या दोन प्रती काढून एक औषधांबरोबर आणि एक पासपोर्टजवळ ठेवली. खोकल्याची बाटली गेली, इथल्या सर्दीच्या दोन पट्ट्या गेल्या.

उतरल्यावर तिचा निरोप आला. अधिकाऱ्याने पिशवी उघडली, दाखला वाचला, गोळ्या मोजल्या. मग सर्दीची पट्टी उलटी करून मागचे बारीक अक्षर बराच वेळ वाचत राहिला. तिने मी लिहून दिलेला कागद पुढे केला, गोळीचे वजन, घटकाचे वजन आणि भागाकार. त्याने तो पाहिला, मान लववली आणि पट्टी परत पिशवीत ठेवली.

चुलतभावाच्या गोळ्या आणि ती नळी माझ्या कपाटात आहेत. परवा सर्दी झाली तेव्हा त्यातली एक मीच घेतली.